कबड्डीच्या चढाईवर निवेदन बसत नाही, आणि बसलं तर दिसतंय तेच सांगतं: काय तपासायचं?

क्रीडा माहितीपटाचं निवेदन लिहिणाऱ्या बहुतेकांना ही अडचण पुन्हा पुन्हा येते. कागदावर स्क्रिप्ट छान वाटते आणि शब्दही वेळेत मावतात. मात्र आवाज चित्रावर ठेवला की दोनपैकी एक तरी बिघाड दिसतो. एक तर वाक्य खेळाच्या मागे धावतं, म्हणजे हात लागून गेल्यावर ‘स्पर्श केला’ ऐकू येतं. नाहीतर वेळ बरोबर जुळते, पण वाक्यात चित्रापेक्षा वेगळं काहीच नसतं. मग आपण शब्द कमी करतो, कलाकाराला भरभर वाचायला सांगतो, एडिटरला शॉट अर्ध्या सेकंदाने ताणायला सांगतो, आणि पुढच्या चढाईला पुन्हा तेच होतं.

मी कळव्यात राहते आणि ठाण्यातल्या एका कबड्डी मंडळावरच्या माहितीपटाचं निवेदन नुकतंच संपवलं. त्यातली एकच चढाई इथे पूर्ण उलगडून दाखवते, कारण बिघाड कुठे असतो आणि तो कसा पकडायचा हे तिच्यात स्पष्ट दिसतं. हीच पद्धत खो-खोला चालते, कुस्तीलाही चालते. पण कबड्डीत गोष्ट फार उघडी पडते: चढाईला जास्तीत जास्त तीस सेकंद, त्यातली बरीचशी नुसती चाचपणी, आणि खरा प्रकार दोन-तीन सेकंदांत आटोपतो.

आधी चढाई बघा

सामन्याचं शेवटचं मिनिट. आपलं मंडळ २७-२९ असं मागे. समोर तीनच बचावपटू उरलेत. एडिटरने कापलेला तुकडा अठ्ठेचाळीस सेकंदांचा आहे आणि कॅमेरा मैदानाच्या बाजूला आहे, म्हणून मी ‘अलीकडचा कोपरा’ आणि ‘पलीकडचा कोपरा’ असंच म्हणते.

पहिली सात सेकंद सात नंबरचा चढाईपटू मध्यरेषेपाशी उभा आहे. मॅटला हात लावून कपाळाला लावतो, तळवे शॉर्ट्सला पुसतो. सातव्या सेकंदाला तो रेषा ओलांडतो आणि दम सुरू होतो. बारा सेकंद इकडून तिकडे. एकोणिसाव्याला पलीकडच्या कोपऱ्याकडे पायाची हूल. एकविसाव्याला अलीकडच्या कोपरारक्षकाला हात लागतो. लगेच झटापट होते, कुणीतरी घोटा धरतं, तो मध्यरेषेच्या दिशेने अंग झोकून देतो. चोविसाव्याला शिट्टी. बोटं रेषेच्या अलीकडेच राहिलीत. पुढे चार सेकंद गलका, अठ्ठाविसाव्यापासून बारा सेकंद त्या बोटांचं स्लो मोशन, आणि शेवटची आठ सेकंद तो बाहेर बसलेला, मागे गुणफलक.

माझा पहिला मसुदा असा होता:

‘तो मध्यरेषा ओलांडून आत शिरतो. तिघे बचावपटू सावध आहेत. तो डावीकडे जातो, उजवीकडे जातो, पायाची हूल देतो आणि डाव्या कोपरारक्षकाला स्पर्श करतो! पण बचावपटू त्याच्यावर झेप घेतात आणि त्याची पकड होते. अवघ्या काही इंचांनी तो मध्यरेषेला मुकतो.’

सदतीस शब्द. मराठीत शांत निवेदन मिनिटाला साधारण शंभर-सव्वाशे शब्दांच्या गतीने चालतं, त्यामुळे अठ्ठेचाळीस सेकंदांच्या तुकड्यात हे आरामात मावायला हवं होतं. मोबाइलवर कच्चा आवाज रेकॉर्ड करून एडिटरला पाठवला. त्याने तो नवव्या सेकंदापासून लावला. ‘स्पर्श करतो’ आलं साडेबाविसाव्या सेकंदाला, हात लागल्यावर दीड सेकंदाने. ‘मुकतो’ येईपर्यंत स्लो मोशन सुरू होऊन तीन सेकंद झाली होती. एडिटरचं म्हणणं एवढंच होतं, ‘ताई, हे सगळं दिसतंय की.’

वाक्य मागे का पडतं

मला हे कळायला बरेच दिवस लागले, म्हणून सविस्तर सांगते. मराठी वाक्यात क्रियापद शेवटी येतं. ‘त्याने डाव्या कोपरारक्षकाच्या घोट्याला हात लावला.’ कुणी, कुणाला, कुठे हे सगळं सांगून झाल्यावर काय झालं ते कळतं. वाचताना याचं काही वाटत नाही. पण चित्रात क्रिया आधी होते. प्रेक्षकाच्या डोळ्याने हात लागलेला पाहिला, गर्दी ओरडली, आणि मग अडीच सेकंदांच्या प्रवासाअंती आपलं ‘लावला’ पोहोचतं. म्हणून क्रियेचं वर्णन करणारं मराठी वाक्य क्रियेबरोबर सुरू केलं की ते हमखास उशिरा संपतं. कलाकाराला भरभर वाचायला लावून हे सुटत नाही. त्याने आवाज फक्त धापा टाकायला लागतो.

थोडं आधी सुरू केलं तर? मग क्रियापद वेळेवर पडतं, पण होणार काय ते आपण आधीच फोडलेलं असतं. ‘अलीकडच्या कोपरारक्षकाला’ एवढं ऐकू आलं की प्रेक्षक तिकडे बघायला लागतो आणि हूल वाया जाते.

दुसरं कारण आपल्या कानांत बसलेलं आहे. आपल्याला खेळाचं निवेदन म्हटलं की धावतं समालोचन आठवतं. बाळ ज. पंडितांनी आकाशवाणीवरून क्रिकेटचं मराठी समालोचन घरोघरी नेलं, आणि त्या समालोचनाचं कामच न दिसणारं दाखवण्याचं होतं. रेडिओवर ‘चेंडू टाकतो, फलंदाज पुढे येतो’ हे सांगितलंच पाहिजे. तोच ‘जातो, देतो, घेतो’ असा वर्तमानकाळ आपण न विचारता माहितीपटात आणतो. माहितीपटातला सामना होऊन गेलेला असतो आणि प्रेक्षकासमोर पडदा असतो, त्यामुळे त्या काळातल्या प्रत्येक क्रियापदाला तिथे काम उरत नाही.

यावरून माझी पहिली तपासणी ठरली. मसुदा छापायचा आणि प्रत्येक क्रियापदाला गोल करायचा. मग चित्र बघत विचारायचं: ही क्रिया पडद्यावर घडते आहे का? घडत असेल तर ते वाक्य दुरुस्त करत बसायचं नाही, काढून टाकायचं. वरच्या मसुद्यात मुख्य क्रियापदं नऊ आहेत. ओलांडून शिरणं, जाणं, पुन्हा जाणं, हूल देणं, स्पर्श करणं, झेप, पकड, मुकणं, ही सगळी दिसतात. ‘सावध आहेत’ तेवढं मी ठेवलं, कारण ती मनाची स्थिती आहे असं मला वाटलं. त्याचा निकाल पुढच्या तपासणीत लागला.

न खेळणाऱ्या माणसाला मुका तुकडा दाखवा

आमच्या आईला कबड्डीतलं फारसं कळत नाही. तिला तुकडा आवाज बंद करून एकदाच दाखवला आणि विचारलं, काय पाहिलंस ते सांग. तिने सांगितलं: पोरगं घाबरलंय, हात पुसतंय, समोर तिघंच आहेत, ते वाकून उभे आहेत, त्याने एकीकडे पाय दाखवला आणि दुसरीकडे हात मारला, पाय धरून पाडलं, थोडक्यात हुकलं. मी लिहून घेत होते. माझ्या मसुद्यातली एकही गोष्ट तिच्या बोलण्यातून सुटली नाही, ‘सावध’ सुद्धा नाही. वर ‘घाबरलंय’ हे माझ्यापेक्षा जास्तीचं होतं.

मग तिने विचारलेले प्रश्न जास्त कामाचे निघाले. ‘एकाला पाडलं तर बाकीचे इतके का नाचतायत?’ आणि ‘तो आधी त्या तिकडच्याकडेच का बघत होता?’

या दोन प्रश्नांची उत्तरं चित्रात नाहीत. पहिल्याचं उत्तर नियमात आहे. मैदानात तीन किंवा त्याहून कमी बचावपटू असताना चढाईपटूला पकडलं तर ती अव्वल पकड ठरते आणि एकाऐवजी दोन गुण मिळतात. दोन गुणांनी मागे असलेला संघ एका झटक्यात चारने मागे पडतो. हे माहीत नसेल तर ही चढाई इतर चढायांसारखीच वाटते. दुसऱ्याचं उत्तर सामन्याच्या गुणपत्रकात होतं. या पोराने त्या दिवशी स्पर्शाने मिळवलेले चारही गुण पलीकडच्या कोपऱ्यातून घेतले होते. मी पत्रक मंडळाकडून मागून घेतलं आणि प्रत्येक गुण चित्रणाशी ताडून पाहिला. ही खातरजमा सोडू नका. निवेदनातला आकडा चुकला तर मैदानावर हजर असलेला प्रत्येक माणूस ते ओळखतो.

मुका तुकडा बघणाऱ्याने जे सांगितलं ते स्क्रिप्टमधून जातं. त्याने जे विचारलं, त्यातलं कुठलं उत्तर त्या क्षणी हवं ते निवडायचं. सगळीच देऊ नका. आईने ‘तो तोंडाने काय पुटपुटतोय’ असंही विचारलं होतं. २०१४ला प्रो कबड्डी सुरू झाल्यापासून घराघरात चढाया पाहिल्या गेल्यात, त्यामुळे दम समजावण्यावर मी चार सेकंद खर्च केले नाहीत.

वाक्य कुठे संपवायचं

आता लय. मी वाक्याच्या सुरुवातीची वेळ धरत नाही, शेवटच्या शब्दाची धरते. आधी एडिटरबरोबर बसून तुकड्यातले ठोके काढायचे: रेषा ओलांडणं सात, हूल एकोणीस, हात एकवीस, शिट्टी चोवीस. वाक्याचा शेवटचा शब्द पुढच्या ठोक्याच्या किमान अर्धा सेकंद आधी पडला पाहिजे. आपल्याकडे सेकंदाला पंचवीस फ्रेम, म्हणजे बारा-तेरा फ्रेमची मोकळी जागा. तेवढ्या वेळात कान रिकामा होतो आणि पुढचा आवाज, पाऊल घासल्याचा, हात आपटल्याचा, नीट ऐकू येतो. हात ते शिट्टी हे तीन सेकंद तर पूर्णपणे मैदानाच्या आवाजाचे. तिथे कितीही चांगलं वाक्य सुचलं तरी ठेवायचं नाही.

आणि शेवटचा शब्द वजनाचा हवा. इथे मराठीच मदतीला येते, कारण बोलताना आपण क्रियापद मागे-पुढे करतो किंवा गाळतोही. ‘त्यांना दोन गुण मिळतील’ यात शेवटी ‘मिळतील’ आहे, आणि त्याला काही वजन नाही. ‘त्यांना एक नाही, दोन’ यात शेवटी ‘दोन’ आहे, आणि पुढच्याच क्षणी पाय रेषेपलीकडे पडतो. हाच आकडा वाक्याच्या मधे असता तर तो कुणाच्या लक्षात राहिला नसता.

पहिल्या सात सेकंदांसाठी आधी लिहिलं होतं: ‘समोर तिघं उरलेत. याला पकडलं तर त्यांना एक नाही, दोन.’ पण तिघं आईने मोजले होते. ते गेलं. राहिलं:

‘आता पकडला गेला, तर त्यांना एक नाही, दोन.’

दुसऱ्या सेकंदाला सुरू, सहाव्याच्या आसपास संपतं. त्याआधीची दोन सेकंद, मॅटला हात लावून कपाळाला लावणं, रिकामी ठेवली.

मधली बारा सेकंद अवघड होती. चाचपणीच्या वेळी काही घडत नाही असं वाटून लेखक तिथे माहिती ओततो: वय, गाव, वडिलांचा धंदा. तसं करू नका. चाचपणी रिकामी नसते, प्रेक्षक तेव्हा अंदाज बांधत असतो. त्याला अंदाज बांधायला एकच गोष्ट द्यायची. मी लिहिलं होतं, ‘आज त्याने चारही गुण उजव्या कोपऱ्यातून घेतलेत.’ यात दोन चुका निघाल्या. एक, कबड्डीत उजवा-डावा कोपरा बचाव करणाऱ्या संघाच्या बाजूने ठरतो, चढाईपटूला तो उलटा आणि कॅमेऱ्याला आणखी तिसऱ्याच बाजूला दिसतो. निवेदनात डावं-उजवं आलं की निम्मे प्रेक्षक पडद्याच्या चुकीच्या टोकाकडे बघतात. दोन, वाक्य पुन्हा क्रियापदावर संपत होतं. एडिटरकडे पलीकडच्या कोपरारक्षकाच्या पायांचा दोन सेकंदांचा जवळचा शॉट होता. तो बाराव्या सेकंदाला घातला आणि त्यावर:

‘आज त्याचे चारही गुण त्या एका कोपऱ्यातले.’

‘त्या’ हा शब्द चित्राकडे बोट दाखवतो, म्हणून बाकी वर्णन लागत नाही. वाक्य सोळाव्याला संपतं. मग तीन सेकंद नुसता दम. प्रेक्षक आता पलीकडे बघतोय, बचावपटूही पलीकडे बघतायत, आणि पोरगा अलीकडे हात मारतो. हूल आम्ही सांगितली नाही, पण तिच्यात बघणारा माणूस स्वतः सापडला. पहिल्यांदा एकत्र पाहिलं तेव्हा एडिटरने खुर्ची मागे सरकवली, आणि मला कळलं की हे बसलं.

स्लो मोशनमध्ये

इथे जागा भरपूर असते म्हणून मोह होतो. पण स्लो मोशन म्हणजे तीच गोष्ट दुसऱ्यांदा दिसणं, आणि आपण वर्णन केलं तर ती तिसऱ्यांदा होते. ‘अवघ्या काही इंचांनी’ हे तर बोटांनी स्वतः दाखवलेलं आहे. इथे फक्त अशी गोष्ट चालते जी वेगात सांगता आली नसती आणि चित्राला बाहेरून अर्थ देते. मुलाखतीत तो म्हणाला होता की मंडळाचा सराव मातीवर चालतो, तिथे पडलेलं अंग थोडं पुढे घसरतं, मॅटवर जागीच अडकतं. मुलाखतीचा तुकडा फिल्ममध्ये वापरला नव्हता, पण मातीवरचा सराव आधी दिसून गेला होता. तीन सेकंद बोटं तशीच बघू दिली, आणि एकतिसाव्याला:

‘मातीत शेवटची वीत घसरून मिळते. मॅटवर नाही.’

इथे काळ बदललाय तोही मुद्दाम. ‘मिळते’ हे त्या क्षणापुरतं नाही, नेहमीचं आहे. स्लो मोशनवर चालू क्रियेचं वर्तमान क्रियापद ठेवलं की ते आणखी खोटं वाटतं, कारण चित्रातली वेळच थांबलेली असते.

शेवटची आठ सेकंद शांत. गुण सांगायची गरज नव्हती. गलक्यातच मैदानावरच्या लाउडस्पीकरवरून अव्वल पकडीची घोषणा ऐकू येते, मागे फलकावर २७-३१ दिसतं. स्थानिक सामन्यांच्या चित्रणात हा लाउडस्पीकर बहुतेक वेळा असतो, आणि लेखक त्याला अडथळा समजून आवाज बंद करायला सांगतात. उलट करा. स्क्रिप्ट लिहिण्याआधी तो पूर्ण ऐका आणि तो जे सांगतो ते आपल्या कागदावरून खोडा. त्याची घोषणा आणि आपलं वाक्य एकमेकांवर येत असेल तर आपलं हलवायचं.

आता मोजा: सदतीस शब्दांचे बावीस राहिले, तीन ठिकाणी विभागलेले. शब्द कमी करणं हे उद्दिष्ट नव्हतं. एखाद्या तुकड्यात पहिल्या मसुद्यापेक्षा जास्त शब्दही लागतात.

तरीही बसत नसेल तर

चित्र अजून हलतंय का, ते आधी बघा. आमच्या फिल्ममध्ये दुसऱ्या एका चढाईत चाचपणी दोन सेकंदांनी कापली गेली आणि शेवटचा शब्द थेट हाताच्या ठोक्यावर येऊन आपटला. मी महिनाभर टाइमकोड लिहीत होते, आता प्रत्येक वाक्यापुढे ‘हुलीच्या आधी संपलं पाहिजे’ असं ठोक्याचं नाव लिहिते. एडिट बदललं तरी एडिटरला कळतं की वाक्य कशाला बांधलंय, आणि जागा उरली नसेल तर कुठलं काढायचं हे त्याला मला फोन न करता ठरवता येतं.

वाक्य वेळेत आहे पण ओरडल्यासारखं वाटतंय, असं असेल तर दोष बहुधा वाचनात आहे. कलाकार चित्र बघत वाचतो आणि चढाईबरोबर त्याचा स्वर वर चढतो. आधी पडदा बंद ठेवून तीन-चार वेळा वाचून घ्या, मग चित्रावर. माझ्या अनुभवात पडदा बंद असतानाचं दुसरं वाचन बहुतेक वेळा कामी येतं.

आणि काही वेळा उघड गोष्ट सांगावीच लागते. बोनस घेताना पायाचा अंगठा रेषेपलीकडे टेकला की नाही हे बाजूच्या कॅमेऱ्यातून कळत नाही. समोर सहा किंवा सात बचावपटू असतानाच बोनस मिळतो हेही बऱ्याच जणांना माहीत नसतं. तिथे ‘बोनस’ एवढा एक शब्द, पंचांचा इशारा दिसल्यावर. झटापटीत पाठीच पाठी दिसत असतील आणि पकड कुणाची हे पुढच्या कथेला लागणार असेल, तर तेही सांगा, पण शिट्टीनंतर. अंध प्रेक्षकांसाठी वेगळी आवृत्ती करायची असेल तर ती स्क्रिप्ट मुळापासून वेगळी लिहावी लागते. तिथे माझा पहिला मसुदा याच्यापेक्षा जास्त उपयोगाचा ठरेल, फक्त ‘डाव्या कोपरारक्षकाला’ तेवढं बदलून.